वाढीव मनुष्यबळाच्या पत्रात भरलेल्या खाटा नव्हे, खाटांची उलाढाल दाखवा

प्रश्न : आमच्या रुग्णालयात रुग्ण खूप वाढले, कर्मचारी मात्र तेवढेच आहेत. वाढीव परिचारिकांसाठी आरोग्य विभागाला पत्र पाठवलं, ते ‘खाटांची संख्या व वापर यांत बदल नाही, सबब मागणी मान्य करता येत नाही’ असा शेरा मारून परत आलं. नवीन पत्र कसं लिहावं?

विभागाने ज्या आकड्यावरून नकार दिला, तो आकडा बहुधा बरोबरच आहे. त्यामुळे त्याच्याशी वाद घालू नका. तो आकडा मान्य करा आणि त्यात जे दिसत नाही ते दाखवा. रुग्णालयाच्या प्रशासनात माझी बरीच वर्षं अशी पत्रं लिहिण्यात आणि नंतर बैठकीत त्यांची बाजू मांडण्यात गेली. मागणी फेटाळली जाते ती बहुतेक वेळा याच जागी.

खाटांचा वापर मोजतात तो मध्यरात्रीच्या शिरगणतीवरून. रात्री बारा वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत तेवढंच त्यात येतं. सकाळी एक रुग्ण घरी गेला आणि दुपारी त्याच खाटेवर दुसरा आला, तर शिरगणतीत ती खाट एकदाच भरलेली दिसते. परिचारिकेने मात्र त्या दिवशी एकाला निरोप दिलेला असतो, दुसऱ्याला दाखल करून घेतलेलं असतं आणि मधे खाट तयार करून घेतलेली असते.

एक उदाहरण घेऊ. ३० खाटांचा वॉर्ड आहे आणि त्यात सरासरी २४ खाटा भरलेल्या असतात, म्हणजे वापर ८० टक्के. पूर्वी रुग्ण सरासरी ६ दिवस राहत होता, तेव्हा रोज ४ नवे रुग्ण येत, कारण ४ गुणिले ६ म्हणजे २४. आता उपचार लवकर आटोपतात, बाहेर रांग आहे म्हणून डॉक्टरही लवकर घरी सोडतात, आणि सरासरी मुक्काम ४ दिवसांवर आला आहे. रोज ६ नवे रुग्ण येतात, आणि ६ गुणिले ४ म्हणजे पुन्हा २४. वापर जागचा हललेला नाही, पण दीडपट माणसं त्या वॉर्डातून जाऊन आली. तुमचे ‘खूप वाढलेले’ रुग्ण बहुधा इथेच लपले आहेत. तुमच्या नोंदवहीतून गेल्या दोन वर्षांच्या भरती, डिस्चार्ज आणि सरासरी मुक्काम काढा, लगेच कळेल. मुक्काम घटलेला नसेल, तर वाढ बाह्यरुग्ण किंवा आपत्कालीन कक्षात असेल आणि पत्राचा भर तिकडे न्यावा लागेल.

आता या वाढीचे तास करायचे. विभागाला पदं मंजूर करायची असतात, त्यामुळे ‘प्रचंड ताण’ या शब्दाचं तिथे काहीच करता येत नाही. तासांचं मात्र पदांत रूपांतर होतं. भरतीच्या वेळी परिचारिका आपत्कालीन कक्षाकडून रुग्णाचा ताबा घेते, नाडी, रक्तदाब, तापमान घेते, ॲलर्जी आणि चालू औषधं विचारते, रक्ताचे नमुने पाठवते, पहिला डोस देते, केसपेपर पूर्ण करते आणि नातेवाइकांना समजावते. डिस्चार्जला सलाइनची सुई काढणं, औषधं कधी आणि कशी घ्यायची ते सांगणं, पुढच्या तपासणीची तारीख देणं असतं. याला लागणारा वेळ अंदाजाने लिहू नका. एखाद्या अनुभवी सिस्टरला आठवडाभर घड्याळ लावून मोजायला सांगा, तिन्ही पाळ्यांत, रविवार धरून. फक्त सकाळच्या पाळीत मोजलंत तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

समजा भरतीला ६० मिनिटं आणि डिस्चार्जला ३० मिनिटं आली. दर रुग्णामागे ९० मिनिटं. असे चार वॉर्ड असतील, तर रोजच्या भरती १६ वरून २४ झाल्या. वाढलेल्या ८ रुग्णांचे रोज १२ तास, वर्षाचे ४,३८० तास.

एक परिचारिका वर्षाला किती तास प्रत्यक्ष कामावर असते, हे यानंतर काढायचं. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, आणि समजा ३५ दिवस रजा, १० सणांच्या सुट्ट्या, ८ आजारपणाचे, ५ प्रशिक्षणाचे गेले. उरले २५५ दिवस. आठ तासांच्या पाळीने २,०४० तास. ४,३८० भागिले २,०४० म्हणजे साधारण २.१५. मागणी झाली दोन पदांची. तुमच्याकडचे रजेचे आकडे वेगळे असतील. ते हजेरीपटावरून घ्या, नियमावलीतून नको, कारण हक्काची रजा आणि घेतलेली रजा यांत फरक असतो.

दोन हा आकडा बघून तुमच्या सिस्टर नाराज होतील, मला माहीत आहे. पण ही फक्त भरती-डिस्चार्जच्या वाढीची मागणी आहे आणि ती कुणाला खोडून काढता येणार नाही. मुक्काम कमी होताना रुग्णाचे शेवटचे, तुलनेने सोपे दिवस गळतात आणि वॉर्डात जास्त काळजी लागणारेच उरतात, हेही खरं आहे. ते दाखवायचं तर रोज एका ठरलेल्या वेळी रुग्णांची तीन गटांत नोंद ठेवा : स्वतःचं स्वतः करणारे, थोडी मदत लागणारे, पूर्ण अवलंबून असलेले. तीन महिन्यांची अशी नोंद हाती आली की पुढच्या मागणीला आधार मिळेल. नोंद नसताना मात्र हा मुद्दा पत्रात घालू नका. एक आकडा कच्चा निघाला की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

चोवीस तास चालणाऱ्या जागेचं गणित वेगळं असतं आणि तिथे हमखास कमी मागितलं जातं. आपत्कालीन कक्षात आलेल्या रुग्णांची गंभीरतेनुसार वर्गवारी करायला एक परिचारिका कायम हवी असेल, तर ‘एक पद द्या’ असं लिहून चालणार नाही. दिवसाला तीन पाळ्या, वर्षाला १,०९५. एक परिचारिका त्यातल्या २५५ भरते. म्हणजे ती एक खुर्ची भरलेली ठेवायला ४.२९, निदान चार माणसं लागतात. एकच पद मिळालं तर सिस्टरच्या सुट्टीच्या दिवशी आणि उरलेल्या दोन पाळ्यांत वॉर्डातून कुणाला तरी ओढावं लागतं, आणि तुटवडा तिकडे सरकतो.

ही पद्धत माझी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड’ नावाची पद्धत आहे. तिची सुधारित पुस्तिका २०१० साली आली. कामाचा भार, एकेका कामाला लागणारा वेळ आणि माणसाचे उपलब्ध तास, या तीन गोष्टींवर ती उभी आहे. पत्रात तिचा एका ओळीत उल्लेख करा.

लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा : मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्यक्ष हजर माणसं. रिक्त पदं भरणं आणि नवीन पदं निर्माण करणं हे विभागाच्या दृष्टीने दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला बहुधा नोकरभरती किंवा बदलीने सुटतो, दुसऱ्याला वित्त विभागाची संमती लागते. तुमची पाच पदं रिक्त असताना ती वरच्या दोन आणि चार पदांत मिळवून सरसकट ‘अकरा द्या’ म्हणालात, तर ‘आधी रिक्त पदे भरून घ्यावीत’ एवढाच शेरा येईल. रिक्त पदांसाठी वेगळं पत्र द्या. कागदावर भरलेलं पण प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेलं किंवा दीर्घ रजेवरचं माणूसही त्याच पत्रात, नावाशिवाय, संख्येने दाखवा. साथीच्या महिन्यांतली गर्दी हा तिसरा प्रकार. तिच्यासाठी ठरावीक मुदतीचे कंत्राटी कर्मचारी मागा. साथीचे दोन महिने धरून वार्षिक वाढ काढली की ती फुगते, आणि तपासणारा ते लगेच ओळखतो. म्हणून या वर्षीचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.

पत्राचा गाभा साधारण असा ठेवता येईल :

‘विषय : परिचारिका संवर्गातील ६ अतिरिक्त पदे उपलब्ध करून देणेबाबत.

महोदय,
संदर्भीय पत्रान्वये, खाटांच्या वापरात बदल नसल्याचे कळविण्यात आले आहे. ही बाब आमच्या मासिक अहवालांशी सुसंगत आहे. तथापि, याच कालावधीत रुग्णाचा सरासरी मुक्काम ६ दिवसांवरून ४ दिवसांवर आल्याने चार वॉर्डांतील दैनंदिन भरती १६ वरून २४ झाली आहे. प्रत्येक रुग्णाच्या भरती व डिस्चार्जसाठी परिचारिकेची एकूण ९० मिनिटे खर्च होतात (जोडपत्र अ). त्यामुळे वर्षाला ४,३८० तासांचे काम वाढले असून त्यासाठी २ पदांची आवश्यकता आहे. तसेच आपत्कालीन कक्षात रुग्णांच्या वर्गवारीसाठी चोवीस तास एक परिचारिका ठेवण्याकरिता ४ पदांची आवश्यकता आहे (जोडपत्र ब). रिक्त पदांबाबत स्वतंत्र प्रस्ताव सादर केला आहे.

उपलब्ध मनुष्यबळात केलेले फेरबदल जोडपत्र क मध्ये नमूद केले आहेत. सर्व ६ पदे एकाच वेळी देणे शक्य नसल्यास आपत्कालीन कक्षाची ४ पदे प्रथम द्यावीत, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. प्राधान्य तुम्ही सांगितलं नाही, तर विभाग आपल्या सोयीने ठरवेल. जोडपत्र क मध्ये तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा : औषधं आणायला किंवा रिपोर्ट गोळा करायला सिस्टर जात होती, तिथे परिचर लावला, डिस्चार्ज दुपारी एकदम होत होते, ते सकाळपासून पसरवले. जे केलंत तेवढंच लिहा, कारण पाहणीला कुणी येऊ शकतं.

रुग्णसुरक्षेबद्दल एक परिच्छेद जोडायचा तर तुमच्याच नोंदी वापरा : ठरल्या वेळेनंतर दिलेले औषधांचे डोस, न तपासता निघून गेलेले रुग्ण, जादा पाळ्या. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास बरेच जण जोडतात. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली होती. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो निरीक्षणातून आलेला, दुसऱ्या देशातला आणि ठरावीक रुग्णांवरचा आहे. तो फार तर तळटीप म्हणून द्या.

पाठवण्यापूर्वी पत्रातला प्रत्येक आकडा तुम्ही विभागाला आधीच पाठवलेल्या मासिक अहवालांशी जुळवून घ्या. तपासणारा कारकून पहिल्यांदा तेच करतो. अहवालात चूक असेल तर दुरुस्त अहवाल आधी पाठवा, आणि त्याचा जावक क्रमांक पत्राच्या संदर्भात द्या.