उपचार नसतानाही रक्तदाब 11 ने उतरतो, तो कसा?

प्रश्न: 500 जणांचा रक्तदाब एकदा मोजला (वरचा आकडा: सरासरी 130, प्रमाण विचलन 20). 150 च्या वर आलेले 80 जण निवडून त्यांना आठ आठवडे श्वसनाचा व्यायाम दिला. त्यांची सरासरी 160 वरून 150 वर आली, पी-व्हॅल्यू 0.001 पेक्षा कमी. तरी गाईड म्हणतात, हा व्यायामाचा परिणाम म्हणता येणार नाही. का?

उत्तर: कारण ते 80 जण घरी बसून राहिले असते, तरी त्यांची सरासरी साधारण एवढीच खाली आली असती.

एका वेळच्या मोजणीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्या माणसाचा नेहमीचा रक्तदाब आणि त्या दिवसाची वरखाली. अपुरी झोप, धावत येणं, पट्टा जरा सैल बसणं, हे सगळं त्या वरखालीत येतं. माणसामाणसांतल्या फरकाचं प्रमाण विचलन 16 आणि एकाच माणसाच्या दिवसागणिक फरकाचं 12 आहे असं धरू. दोन्हींचे वर्ग मिळवले की 256 + 144 = 400, म्हणजे तुमचं 20 हे विचलन बरोबर जुळतं. यातला खरा, टिकणारा वाटा 256/400, म्हणजे 0.64. दोन मोजण्यांमधला सहसंबंधही तेवढाच येतो.

आता 150 ही रेघ कोणी ओलांडली? काहींचा रक्तदाब खरोखरच जास्त आहे. पण नेहमी 142 असणारा, त्या दिवशी 12 ने वर गेलेला माणूसही आत आला. उलट नेहमी 155 असणारा पण त्या दिवशी 140 भरलेला बाहेर राहिला. म्हणजे तुम्ही नकळत जास्त रक्तदाबाबरोबर वर गेलेला दिवसही निवडलात. पुढच्या मोजणीत माणसं तीच असतात, तो दिवस मात्र नसतो. हिशेब असा:

अपेक्षित दुसरी मोजणी = 130 + 0.64 × (160.5 − 130) ≈ 149.5

घंटाकृती वितरणात 150 च्या वरच्यांची सरासरी 160.5 च्या आसपास येते, म्हणून तो आकडा घेतला. काहीही न करता 11 ची उतरण! यालाच रिग्रेशन टू द मीन, सरासरीकडे परतणं, म्हणतात.

पी-व्हॅल्यू इथे मदतीला येत नाही. ती फक्त एवढंच सांगते की उतरण शून्य असती तर असा आकडा क्वचितच दिसला असता. उतरण खरीच आहे. ती कशामुळे आली, हे त्या चाचणीला विचारलेलंच नाही. नमुना 80 वरून 800 केलात तर पी-व्हॅल्यू आणखी लहान होईल आणि चूक तिथेच राहील.

‘ज्यांचा रक्तदाब जास्त होता त्यांचाच जास्त उतरला, म्हणजे व्यायाम गरजूंना लागू पडतो’ हा युक्तिवाद मी अनेक प्रबंधांत वाचला आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. रेघेच्या जितकं वर, तितका वर गेलेल्या दिवसाचा वाटा मोठा; त्यामुळे हे चित्र व्यायामाशिवायही दिसतं. पडताळायचं असेल तर त्याच 500 मधल्या 110 च्या खालच्यांना पुन्हा मोजा. त्यांची सरासरी चढलेली दिसेल, आणि त्यांना तर तुम्ही काहीच दिलेलं नाही.

मात्र व्यायाम निरुपयोगी ठरला असंही इथून निघत नाही. सगळा हिशेब त्या 0.64 वर उभा आहे. सहसंबंध 0.8 असेल, तर आपोआप होणारी उतरण फक्त 6 च्या आसपास राहते आणि तुमच्या 10 पैकी 4 उरतात. त्यातला काही भाग मोजणीची सवय होऊन भीती गेल्यामुळेही असू शकतो. म्हणून व्यायाम न दिलेल्या काही जणांना तेवढ्याच अंतराने दोनदा मोजून तुमच्या गटातला सहसंबंध काढा. त्याने अंदाज सुधारेल, पण कारण सिद्ध होणार नाही.

पुढच्या वेळी 150 च्या वरच्यांमधूनच चिठ्ठ्या टाकून दोन गट करा आणि दुसऱ्याला व्यायाम देऊ नका. दोन्ही गट सारखेच परततील. शेवटी त्यांच्यात जो फरक उरेल तो व्यायामाचा. शिवाय निवडीची मोजणी वेगळी ठेवा आणि ‘आधीचा’ आकडा दुसऱ्या दिवशी नव्याने घ्या. इथे एक सापळा आहे. त्या दुसऱ्या दिवशी काही जण 138, 145 असे भरतील आणि ‘हे तर बसतच नाहीत’ म्हणून त्यांना वगळावंसं वाटेल. वगळलंत, तर तुम्ही पुन्हा वर गेलेला दिवसच निवडलात. त्यांना आत ठेवा.