लहान मुलांचा टीबी थुंकीशिवाय कसा ओळखतात?

प्रश्न: मुलगी ३ वर्षांची आहे, महिनाभर खोकला जात नाही. डॉक्टरांना टीबीची शंका आहे, पण तिची थुंकीच निघत नाही. मग निदान कसं करणार?

मी बालरोग वॉर्डात परिचारिका आहे, पण उत्तर देतेय ते माझ्या पुतण्यामुळे. तो तेव्हा अडीच वर्षांचा होता. एवढी मुलं बेडका बाहेर टाकत नाहीत, गिळतात. शिवाय त्यांच्या आजारात जंतूच थोडे असतात, कारण तो बहुधा छातीतल्या गाठींमध्ये असतो. मोठ्यांसारखी फुफ्फुसात पोकळी क्वचितच होते.

त्याला ताप यायचा-जायचा, अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही खोकला तसाच. मी अंगणवाडीचं कार्ड मागितलं. तीन महिने वजनाची रेघ आडवी! मग विचारलं, घरात कोण खोकत होतं? थोरले दीर गप्प. सासूबाईंचे भाऊ दिरांकडे राहून गावी परतले होते आणि तिथे त्यांची टीबीची औषधं सुरू होती. दिरांना ते ठाऊक होतं, पण डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ‘बीसीजी दिलीय, मुलाला कसा होईल?’ हे त्यांचं पालुपद. बीसीजी मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, टीबी होणारच नाही अशी हमी देत नाही.

समोरून काढलेल्या एक्स-रेत नक्की कळेना. बाजूने काढलेल्यात श्वासनलिकेजवळच्या सुजलेल्या गाठी दिसल्या. मग मांटू चाचणी, म्हणजे हातावर टोचून उठलेली कडक सूज मोजतात ती, १४ मिमी आली. १० किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. मग दाखल करून पहाटे, उपाशीपोटी, तो अंथरुणातून उठायच्या आत नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. रात्री गिळलेला बेडका तिथेच साठतो. असं सलग दोन दिवस केलं. त्या पाण्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली आणि दीर म्हणाले, ‘बघ, नाहीये.’ मुलांत निगेटिव्हने टीबी नाकारता येत नाही. संपर्क, वजन, गाठी आणि मांटू एकत्र धरून डॉक्टरांनी औषधं सुरू केली. दोन महिन्यांत वजन चढू लागलं.

म्हणून थुंकीची वाट बघू नका. गेल्या दोन वर्षांत घरात, शेजारी, पाळणाघरात कुणाला टीबी झाला होता का ते शोधा आणि वजनाच्या नोंदी घेऊन जा. नात्यातल्या माणसाचा टीबी लपवणं हा मुलावर अन्यायच आहे.

मात्र मांटू पॉझिटिव्ह म्हणजे फक्त संसर्ग, आजार असेलच असं नाही. कुपोषित मुलात ती खोटी निगेटिव्हही येते. गाठी इतर कारणांनीही सुजतात, तेव्हा ठरवणार बालरोगतज्ज्ञच. मूल सुस्त पडलं, सारखं ओकू लागलं किंवा मान ताठ झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि घरात पाच वर्षांखालचं दुसरं मूल असेल तर त्याचीही तपासणी करा. आजार नसेल तर प्रतिबंधक औषध मिळतं. दिरांच्या धाकटीला ते द्यायला लावताना मला पुन्हा भांडावं लागलं.