“बीपी ठीक आहे ना?” : रात्रीच्या दोन फोनची उजळणी

“मी खासगी प्रसूतिगृहात सात वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात नाइटला सीझरच्या एका पेशंटसाठी आरएमओ सरांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी फोनवरच ऑर्डर दिली, आले नाहीत. पहाटे पेशंटला परत ओटीत घ्यावं लागलं. ती वाचली, पण आता फोन उचलायचा म्हटलं की माझे हात थरथरतात. डॉक्टरांशी वाद न घालता आपलं म्हणणं मांडायचं कसं? आणि तरीही त्यांनी ऐकलं नाही तर?”

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि संवाद मात्र या सिस्टरनी सांगितले तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं काही त्या आकड्यांत आणि शब्दांतच आहे.

पहिल्या भेटीत त्यांना एवढंच करायला सांगितलं: दोन्ही फोन आठवतील तसे शब्दशः कागदावर उतरवा, आणि शेजारी त्या वेळी चार्टवर काय होतं ते लिहा. पहिला फोन रात्री १ वाजून १० मिनिटांचा. “सर, सात नंबरची पेशंट जरा बरी वाटत नाहीये. अस्वस्थ आहे, पोट दुखतंय म्हणते.” “बीपी किती?” “११०/७०.” “मग ठीक आहे ना. सीझर झालंय, दुखणारच. डायक्लो दे.” फोन बंद. वीस सेकंदही झाले नसतील.

चार्टवर काय होतं? सीझर संध्याकाळी ६ चं. रात्री ११ ला नाडी ९६, बीपी ११६/७४. १ वाजता नाडी ११२. युरोबॅगमध्ये ११ ते १२ या तासात २५ मिली, पुढच्या तासात २० मिली. हात गार, सारखं पाणी मागत होती, पोट ताठ. पॅड मात्र जवळजवळ कोरडा. यातलं एकही फोनवर बोललं गेलं नाही. सरांनी विचारलं नाही आणि सिस्टरनी सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यात चित्र पूर्ण होतं. फोनवर त्यातलं पोचलं फक्त “बरी वाटत नाहीये”, आणि सीझरच्या पहिल्या रात्री कोणतीच पेशंट बरी वाटत नाही.

बीपी इथे सगळ्यांना फसवतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि तरुण बाईच्या रक्तवाहिन्या आवळून दाब बराच वेळ सांभाळून धरतात. बरंच रक्त गेल्यावर मग बीपी कोसळतं. त्याआधी बोलते ती नाडी, आणि लघवी. नाडीला वरच्या बीपीने भागायचं. बाळंतिणीत हे उत्तर ०.९ किंवा त्याहून जास्त आलं तर सावध व्हायचं. ११ वाजता ते ०.८३ होतं, १ वाजता १.०२. बीपी ‘ठीक’ असतानाच आकडा ओलांडला गेला होता. लघवीचं तसंच: किलोमागे ताशी अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ३० मिली तरी हवी. लागोपाठ दोन तास ती कमी होती. शिवाय आत रक्तस्राव असेल आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पोचत असेल, तर डायक्लोसारखं औषध त्यांच्यावर आणखी भार टाकतं. सिस्टरना ते इंजेक्शन देताना ‘कसंतरी’ झालं होतं ते उगाच नव्हतं.

दुसरा फोन अडीचचा. नाडी १२४, बीपी १०४/६८. “सर, अजून दुखतंय. पल्सपण जरा जास्त आहे.” “ड्रिप वाढव, सकाळी बघू.” सव्वाचारला बीपी ८४/५० आणि मग धावाधाव. पोटात लिटरभराहून जास्त रक्त निघालं.

‘जरा’ हा शब्द दोन्ही फोनमध्ये आहे. मोठ्या माणसाशी बोलताना आपण तो सवयीने घालतो, अदब म्हणून. पण ‘जरा जास्त’ आणि ‘१२४’ यांत रात्री अडीच वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला काय ऐकू येतं, ते वेगळं सांगायला नको. इंग्लंडमध्ये २००५ साली इलेन ब्रोमिली या तरुण आईचा सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेआधी भूल देताना श्वासमार्ग अडला. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिले. गळ्यातून श्वासमार्ग उघडायचं साहित्य एका नर्सने आणून ठेवलं, तयार आहे असं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला आणि डॉक्टरांची नजर पाहून तो रद्द केला. काय करायला हवं ते नर्सना कळलं होतं, पण “आता हे करा” असं म्हणायची रीत त्यांच्यापाशी नव्हती. इलेन वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन वैमानिक. विमानात कनिष्ठाने कॅप्टनला कसं अडवायचं हे शिकवतात, मग इथे का नाही, हा प्रश्न त्यांनी तिथल्या आरोग्यसेवेपुढे लावून धरला.

ती रीत आता आहे. तिला एसबार म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून ती हॉस्पिटलांत आली. चार पायऱ्या: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. दुसऱ्या भेटीत सिस्टरनी एकचा फोन याच क्रमाने परत लिहिला:

“सर, मी प्रसूती वॉर्डातून बोलतेय. बेड सातची पेशंट, आज संध्याकाळी सीझर. नाडी दोन तासांत ९६ वरून ११२ झालीय आणि लघवी दोन तास ३० मिलीच्या खाली आहे. पहिलटकरीण, हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी १०, सीझरला वेळ जास्त लागला होता. बीपी ११०/७० आहे, पण हात गार आहेत, पोट ताठ आहे, पॅड कोरडा आहे. कॅथेटर तपासला, पिळलेला नाही. मला आत रक्तस्रावाची शंका येतेय. तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन पाहावं. तोवर दुसरी लाइन लावून हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल काढू का?”

मोठ्याने वाचलं तर पाऊण मिनिटाच्या आत संपतं. तिसऱ्या पायरीशी सिस्टर अडखळल्या. “निदान करणं आमचं काम नाही, असंच शिकवलंय.” निदान नकोच आहे. ‘शंका येतेय’ म्हणायला पदवी लागत नाही. नेमकं नाव सुचत नसेल तर “काय झालंय सांगता येत नाही, पण पेशंट खालावतेय” हेही चालतं. चौथी पायरी मात्र सोडायची नाही, आणि ती सर्वांत जास्त सुटते. मागणीत एक कृती आणि एक वेळ हवीच. “बघता का सर” यात दोन्ही नाहीत. आणि कॅथेटरचं आधी पाहून ठेवायचं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. तिथे “बघून सांगते” म्हणालात की फोन संपला.

एवढं सांगूनही “डायक्लो दे, सकाळी बघू” आलं तर? मग तीन वाक्यं, चढत्या क्रमाने. “सर, मला काळजी वाटतेय, नाडी चढतेय.” मग, “न पाहता डायक्लो द्यायला मी तयार नाही.” मग, “हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्ही यायला हवं.” आवाज चढवायचा नाही, शब्द चढवायचे. इथे बहुतेकदा “तू डॉक्टर आहेस का?” येतं. त्याला एकच सरळ उत्तर आहे: “नाही सर, म्हणूनच तुम्हाला बोलावतेय.” ऑर्डर थांबवली असेल तर ती गुपचूप थांबवायची नाही. दिली नाही, हे तिथल्या तिथे सांगायचं.

तीच काळजी दोनदा स्पष्ट मांडून झाली की तिसऱ्यांदा त्याच माणसाला विनवण्यात रात्र घालवू नये. वर जायचं, आणि सांगून जायचं: “सर, मी सुपरवायझर सिस्टरना कळवते आणि ऑपरेशन केलेल्या मॅडमना फोन लावते. तुम्हाला सांगून ठेवतेय.” न सांगता वरती केलेला फोन चहाडी ठरतो आणि पुढचे सहा महिने त्या वॉर्डात काम करणं अवघड होतं. लहान हॉस्पिटलात रात्री सुपरवायझर नसतेच. तिथे थेट मॅडम. मॅडमना रात्री उठवायचं कुणी, हे मात्र दिवसाउजेडी इन्चार्जसमोर ठरवून, नंबरासह लिहून लावायला हवं. ज्या हॉस्पिटलात हे ठरलेलं नाही तिथे ही सगळी रीत शेवटच्या पायरीवर अडकते, आणि तो दोष नाइटच्या नर्सचा नव्हे.

नोट्समध्ये वेळ, काय सांगितलं, काय उत्तर आलं, एवढंच. “१:१० – आरएमओंना फोनवर कळवले: नाडी ११२, बीपी ११०/७०, लघवी २० मिली/तास, पोट ताठ. प्रत्यक्ष पाहण्याची विनंती केली. सूचना:…” ‘डॉक्टरांनी दुर्लक्ष केले’ हे वाक्य लिहू नये. ते मत झालं, आणि चौकशीत तेच आपल्यावर उलटतं. राहून गेलेलं नंतर आठवलं तर मागच्या ओळींत कोंबायचं नाही. आत्ताची वेळ टाकून ‘उशिरा नोंद’ म्हणून लिहायचं.

हातांच्या थरथरीबद्दल. अशा रात्रीनंतर काही आठवडे ती राहते, झोपही बिघडते. महिना उलटूनही झोप येत नसेल किंवा ड्यूटी टाळावीशी वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. या सिस्टरना मात्र थरथर नेमकी नंबर दाबण्याआधी व्हायची, म्हणून उपाय तिथेच केला. चार पायऱ्या आणि चार रिकाम्या जागा असलेला कागद नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली सरकवला. आधी आकडे भरायचे, मग फोन. शिवाय आमच्यासमोर चार वेळा मोठ्याने म्हणून घेतलं. पहिल्या दोन वेळा ‘जरा’ आलाच.

आरएमओ सरांशी त्या स्वतः बोलल्या, दुपारी, चहाच्या वेळी, एकट्यात. “त्या रात्री नाडी मी सांगितली नाही, तुम्ही विचारली नाही. यापुढे मी आकडे आधी सांगेन. मी ‘या’ म्हटलं तर या.” सर गप्प बसले, मग म्हणाले, छत्तीस तास झाले होते ड्यूटीला. माफी कुणीच मागितली नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा नाइट, पुन्हा सीझरची पेशंट, नाडी ११०. सिस्टरनी कागद भरला, फोन केला. सर दहा मिनिटांत आले, पोट तपासलं, हिमोग्लोबिन मागवलं. काही निघालं नाही. पेशंटला ताप चढत होता. “उगाच उठवलं त्यांना,” असं त्या शेवटच्या भेटीत म्हणाल्या. जाताना सर काय म्हणाले, ते विचारलं.

“म्हणाले, तासाने नाडी कळव.”