फोटो दिसतो, पण नाव सांगत नाही

तुम्ही जुना लग्नाचा फोटो टाकून ‘डावीकडून तिसरे कोण?’ विचारलंत आणि चॅटजीपीटीने ‘मी यात मदत करू शकत नाही’ म्हटलं. त्यावरून त्याला फोटो दिसतच नाहीत असं समजू नका. 2023 साली ओपनएआयने त्यात फोटो बघण्याची सोय आणली, तेव्हाच निव्वळ चेहऱ्यावरून माणूस ओळखण्यावर बंधनंही घातली. कारण उघड आहे: रस्त्यात कुणाचाही फोटो काढून नाव-गाव शोधता येऊ नये.

खात्री करायची असेल तर त्याच फोटोबद्दल साधं काहीतरी विचारा. ‘मागच्या पाटीवर काय लिहिलंय? तिसऱ्यांच्या डोक्यावर फेटा आहे की टोपी?’ नीट उत्तर आलं तर फोटो पोचलाय, अडलंय ते फक्त ओळख सांगण्यावर. ‘चित्र दिसत नाही’ असं आलं तर मात्र फाइल तपासा. आयफोनचा फोटो बऱ्याचदा HEIC प्रकारच्या फाइलमध्ये असतो आणि काही ठिकाणी तो चालत नाही. JPG करून पुन्हा टाका.

अडचण अशी की नकाराचं कारण हे टूल स्वतः नेहमी बरोबर सांगतंच असं नाही. कधी नकार द्यायचा असतो आणि वाक्य येतं ‘मला चित्रं पाहता येत नाहीत’. त्या वाक्यावर वाद घालत बसू नका. आधीचा नकार त्याच संवादात राहतो आणि पुढची उत्तरंही तशीच येऊ लागतात. नवीन चॅट उघडा, फोटो पुन्हा जोडा, आणि नावं तुम्हीच लिहून द्या: ‘तिसरे माझे आजोबा, यांच्या पोशाखाचं वर्णन कर.’ हे काम ते सहसा करतं.