डिफॉल्ट मोड नेटवर्क कमकुवत म्हणजे अल्झायमरच का?

प्रश्न: आईचं वय ७२. एका संशोधनासाठी तिचा रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय झाला. त्यात डिफॉल्ट मोड नेटवर्कची जोडणी कमी दिसली म्हणतात. हा अल्झायमर का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. हा स्कॅन माणूस काही न करता पडून असताना मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी कशी बदलते ते टिपतो. डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणजे अशा वेळी एकत्र सक्रिय असणाऱ्या भागांचं जाळं. त्यातल्या मेंदूच्या मागच्या बाजूचा पोस्टिरियर सिंग्युलेट आणि कपाळामागचा मध्यभाग यांतली ही पातळी संथपणे, साधारण एका लयीत वरखाली होते. ही लय किती जुळते, त्याला जोडणी म्हणतात. म्हणजे दोन भागांमधली तार कुणी मोजलेली नसते, फक्त ताल मोजलेला असतो.

हा ताल निरोगी म्हातारपणातही सैल होतो. अल्झायमरमध्ये तो सरासरीने आणखी सैल होतो, विशेषतः पोस्टिरियर सिंग्युलेटपाशी. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या सुरुवातीच्या जागाही बऱ्याच अंशी याच जाळ्यात असतात. पण हे फरक गटांच्या सरासरीतले. एकेका व्यक्तीचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की त्यावरून निदान करता येत नाही.

शिवाय एक जुनी डोकेदुखी: स्कॅनमध्ये डोकं मिलिमीटरच्या अंशानं हललं तरी दूरच्या भागांची जोडणी खोटी कमी दिसते आणि जवळच्यांची खोटी वाढते. वयस्कर माणसं जास्त हलतात. डुलकी लागली तरी आकडे बदलतात. त्यामुळे आधी विचारा, हालचाल किती होती आणि त्यामुळे खराब झालेल्या फ्रेम, म्हणजे स्कॅनमधली एकेक चित्रं, वगळल्या का? आईला खरंच विसरायला होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या.