बॉस चिडला की पगार कापतो, त्याची नोंद कशी ठेवायची

"बॉसला उलट उत्तर दिलं की त्या महिन्यात माझा पगार कापला जातो, कधी तर अडकवूनच ठेवतात. विचारलं की म्हणतात तुझं कामच तसं आहे. लेखी काहीच नाही माझ्याकडे. नोंद ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं, आणि त्यांना कळलं तर?"

माझ्याकडे एक ताई येते, तिचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. ती आली तेव्हा पगाराबद्दल बोललीच नाही, झोप लागत नाही म्हणून आलेली. तिसऱ्या भेटीत हळूच म्हणाली की पगार कमी येतोय पण घरी सांगितलं नाही, कारण घरचे विचारतील तू काय चूक केलीस, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही वाटायला लागलेलं की आपलीच चूक असणार.

मी म्हटलं, पगाराची स्लिप आण आणि बँकेचं स्टेटमेंट पण आण. स्लिपवर एक ओळ होती, "इतर कपात", बास, कसली ते नाही. ती रक्कम पगाराच्या बरोबर विसावा हिस्सा निघाली, म्हणजे तीस दिवसांतले दीड दिवस. मग हजेरी काढली, त्या महिन्यात तीन वेळा उशीर, 11, 8 आणि 12 मिनिटं, म्हणजे एकूण 31 मिनिटं, आणि त्याबद्दल तीन हाफ डे मारलेले, म्हणजे आठ तासांची ड्युटी धरली तर बारा तासांचे पैसे गेले. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसली, कारण तोपर्यंत "उशीर होतो माझा" एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पण नुसत्या आकड्यावरून शिक्षा दिसत नाही, ती दिसते तारखांवरून. म्हणून तिला एक वही करायला लावली. प्रत्येक महिन्याला ठरलेला पगार किती, जमा किती झाला आणि कुठल्या तारखेला, स्लिपवर कारण काय लिहिलंय, आणि कपातीच्या आधीच्या आठवड्यात काय घडलं. तीन महिने भरल्यावर आपोआप दिसलं. पहिल्या कपातीच्या सहा दिवस आधी तिने सुट्टीच्या दिवशी यायला नाही म्हटलेलं. दुसऱ्या वेळी मीटिंगमधे बॉसचा आकडा चुकीचा आहे असं बोललेली. तिसऱ्या महिन्यात बाकी सगळ्यांचा पगार 1 तारखेला आणि हिचा 20 ला, त्याआधी तिने रजेचा अर्ज दिलेला. आणि तिच्याइतकाच उशीर करणाऱ्या सहकाऱ्याचा एकही हाफ डे नाही, हे पण लिहायचं, पण जेवढं आपल्याला नक्की माहितीये तेवढंच.

सुरुवातीला तिने लिहिलेलं, "आज सर खूप घाणेरडं वागले." हे वाचून तिऱ्हाईताला काहीच कळत नाही. मग आम्ही ते बदललं, "मंगळवार, दुपारी साडेतीन, केबिनमधे, सर म्हणाले 'पुढच्या महिन्यात बघ तुझा पगार', दाराशी अमुक उभी होती." शब्द जसेच्या तसे आणि त्याच दिवशी लिहायचे, महिन्याभराने आठवून लिहिलेल्याला तेवढं वजन राहत नाही. मनातलं लिहायचंच असेल तर ते वेगळ्या वहीत, तेही गरजेचं आहे, पण दोन्ही एकत्र नको.

एक गोष्ट तिची जवळजवळ हातातून गेलेली. सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेलं, ते एका दिवसात बंद करू शकतात. स्वतःच्या पगाराचे कागद आणि आपल्याला आलेले मेसेज घरी ठेवा, स्क्रीनशॉटमधे तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. पण कंपनीचे गोपनीय कागद, ग्राहकांची माहिती, दुसऱ्यांच्या स्लिपा उचलू नका, मग मूळ तक्रार बाजूला राहते आणि चौकशी आपलीच लागते. गुपचूप रेकॉर्डिंग कायद्यात बसतं की नाही हे जागेप्रमाणे बदलतं, ते आधी वकिलाला विचारा.

"त्यांना कळलं तर" ही भीती खोटी नाही, विचारल्यावर त्रास वाढू शकतो. म्हणून तिने आधी कागद जमवले आणि मग मेल केला, तोही बॉसला नाही, अकाउंट्सला, आणि त्यात आरोप एकही नाही: "या महिन्याच्या पगारात इतर कपात दिसतेय. ती कुठल्या तारखांची, कुठल्या नियमाने आणि कशी मोजली, कृपया कळवावे." उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी त्याच मेलखाली आठवण करायची, गप्प बसले हे पण नोंदीत येतं. आणि "पूर्ण पगार मिळाला" अशा कागदावर सही मागितली तर तो आधी नीट वाचा, पैसे कमी असतील तर सहीशेजारी "रक्कम कमी, मान्य नाही" लिहून तारीख टाका आणि फोटो काढा. तसं लिहू देत नसतील तर सही न करता बाहेर या आणि काय झालं ते लगेच वहीत लिहा.

तिला आठवणीच्या मेलनंतर एका ओळीचं उत्तर आलं, "सरांच्या सूचनेनुसार." हजेरीचा उल्लेखच नाही! ती ओळ, स्टेटमेंट आणि वही घेऊन ती कामगार कार्यालयात गेली, तिथपर्यंत मी सोबत होते, पुढचं कायद्याचं काम माझं नाही. तक्रारीला मुदत असते म्हणून मी तिला अजून दोन महिने बघू असं म्हणू दिलं नव्हतं. दोन महिन्यांची कपात तिला परत मिळाली. झोप अजून पूर्ण जाग्यावर आलेली नाही, त्यावर आम्ही काम करतोय, पण घरी मात्र तिने सगळं सांगितलं, ती वहीच आईच्या हातात दिली.