हिलशेडचा सूर्य आधी बदल

अरे, हरभरा कुठे आधी पिवळा पडतो ते शोधायला तू QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधला हिलशेड, म्हणजे डोंगरउतारांची ऊन-सावली दाखवणारा थर, जसाच्या तसा वापरलायस. त्यातला सूर्य वायव्येला, 315 अंशांवर असतो. तो फक्त नकाशा उठावदार दिसावा म्हणून. पीक आधी का पिवळं पडतं, ते त्यातून कळणार नाही.

पुरंदरच्या डोंगरातला रब्बी हरभरा बघतोयस ना? मग डिसेंबरातल्या दुपारचा सूर्य दे: अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा, 180 अंश आणि क्षितिजापासून उंची 48 अंश. 20 अंश चढाच्या दक्षिण उतारावर थेट ऊन उत्तर उताराच्या जवळपास दुप्पट पडतं. म्हणून तिथली ओल लवकर उडते नि हरभरा आधी पिवळा पडतो. मेच्या मध्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा हा फरक जवळपास मिटतो.

अॅस्पेक्टची, म्हणजे उताराचं तोंड ज्या दिशेला आहे तिच्या अंशांची, साधी सरासरी मात्र काढू नकोस. 350 आणि 10 दोन्ही उत्तरच, पण सरासरी 180, म्हणजे चक्क दक्षिण! आणि मातीची खोली शेतात जाऊनच बघ.